रिबा, व्याज आणि नफा: कुठला शब्द कुठे?

"बीएच्या नीतिशास्त्राच्या युनिटसाठी इस्लाममधल्या कर्जव्यवहारावर छोटी केस स्टडी लिहितेय. 'रिबा'ला सरळ 'व्याज' लिहिलं तर चालेल का? आणि रोखीत ८०,००० ची वस्तू हप्त्यांवर ८८,००० ला विकली तर तेही व्याजच ना?"

कर्जापुरतं 'व्याज' चालेल, पण सगळीकडे तोच शब्द घातलात तर दुसऱ्या प्रश्नाशी अडकाल. रिबा हा अरबी शब्द 'वाढणे' या धातूवरून आलाय आणि फिक्हमध्ये, म्हणजे इस्लामी विधिशास्त्रात, त्याचा अर्थ होतो ज्याच्या बदल्यात काहीच दिलेलं नाही अशी वाढ. ती पैशातच असायला हवी असं नाही. आपल्याकडे 'दिडीने ज्वारी दिली' म्हणायचे ना, म्हणजे एक पोतं नेलं की सुगीला दीड परत, तर ते वरचं अर्धं पोतंसुद्धा रिबाच. 'सूद' हा फारसीतून आलेला शब्द उर्दू अनुवादांमध्ये हमखास दिसतो, मराठी वाचकाला त्यापेक्षा व्याज बरं, फक्त बिनव्याजी कर्जाला 'निर्व्याज' लिहू नका, संस्कृतात व्याज म्हणजे बहाणा, कपट, म्हणून निर्व्याज प्रेम म्हणजे निष्कपट प्रेम.

व्याज शब्द कुठे अपुरा पडतो ते बिलालच्या खजुरांच्या हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदीत, दिसतं, माझ्या मते केस स्टडीची सुरुवात तिथूनच करा. पैगंबरांचे साथीदार बिलाल त्यांच्याकडे बरनी जातीचे उत्तम खजूर घेऊन आले, कुठून आणले विचारल्यावर म्हणाले की माझ्याकडे हलके खजूर होते, त्यातले दोन सा देऊन हे एक सा घेतले. (सा हे धान्याचं माप, साधारण चार ओंजळी.) पैगंबर म्हणाले, हा तर साक्षात रिबा, असं करू नकोस, आधी तुझे खजूर विक आणि आलेल्या किमतीतून हे घे. आता बघा, इथे कर्ज नाही, मुदत नाही, सावकार नाही, मग व्याज कसलं म्हणणार? दोन्हीकडे खजूरच, आणि एकाच जिनसाच्या अदलाबदलीत माप सारखं हवं, जागच्या जागी हवं, असा नियम. विकून घेतलं तरी शेवटी कदाचित दोनाला एकच पडेल, पण मध्ये बाजारभाव येतो आणि आपल्या मालाची खरी किंमत किती ते दोघांनाही कळतं, मला तरी या नियमाचं मर्म इथे दिसतं.

आता तुमचे ८,०००. कुराणात (२:२७५) म्हटलंय की अल्लाने व्यापार हलाल केला आणि रिबा हराम, म्हणजे विक्रीतला नफा मुळात मान्यच आहे. खरेदीची किंमत उघड सांगून त्यावर ठरलेला नफा लावून विकायचं, याला 'मुराबहा' म्हणतात. हा शब्द 'रिब्ह' म्हणजे नफा यावरून आलाय, रिबाशी कानाला जवळचा पण धातू वेगळा, आणि इथे बरेच जण फसतात. समजा एखाद्या वित्तसंस्थेने मोटरसायकल स्वतः ८०,००० ला घेतली, ताब्यात घेतली, मग गिऱ्हाइकाला सांगितलं की आम्हाला ८०,००० पडली, आमचा नफा ८,०००, महिन्याला ८,००० असे ११ हप्ते द्या. उधारीची किंमत रोखीपेक्षा जास्त असली तरी चारही सुन्नी मजहबांतले, म्हणजे विधिपरंपरांतले, बहुतेक विधिशास्त्रज्ञ हे मान्य करतात, अट एवढी की सौदा करतानाच एकच किंमत पक्की व्हावी. गाडी त्यांच्या ताब्यात असताना चोरीला गेली तर नुकसान त्यांचं, ती जोखीम घेतलीय म्हणून ८,००० हा नफा ठरतो.

बिघडतं कुठे, तर ही जोखीम नुसती कागदावर उरते तिथे. संस्थेने गाडी कधी घेतलीच नाही, ८०,००० गिऱ्हाइकाच्या हातात ठेवले आणि पावतीवर विक्री लिहिली, तर ते कर्ज झालं आणि वरचे ८,००० रिबा. ओळखायला दोनच प्रश्न विचारा: विकण्याआधी वस्तू कोणाच्या मालकीची होती, आणि हप्ता थकला तर रक्कम वाढते का? खऱ्या मुराबहात सहाव्या महिन्यात माणूस अडला तरी देणं ८८,००० च राहतं. दंडाचं कलम काही करारांत असतं, पण त्यातून आलेले पैसे दानात जातात, विक्रेत्याच्या खिशात नाही. आपल्याला दामदुप्पट माहीत आहे, त्यात व्याज मुद्दलाएवढं झालं की थांबायचं, इथे मात्र थकलं म्हणून पहिला रुपयासुद्धा वाढवता येत नाही. उलट २:२८० मध्ये सांगितलंय की देणेकरी खरंच अडचणीत असेल तर हात मोकळा होईपर्यंत थांबा, आणि सोडून दिलंत तर ते जास्त चांगलं.

म्हणून तुमच्या लेखात बिलालच्या गोष्टीत 'रिबा'च ठेवा, उसन्या पैशांवरच्या वाढीला 'व्याज' म्हणा, आणि मोटरसायकलच्या ८,००० ना 'नफा' लिहा, पण गाडी आधी संस्थेच्या ताब्यात होती हे वाक्य त्याच्या आधी आलंच पाहिजे.