पहिली फुल मॅरेथॉन: घरची की मुंबईची?

«फोंड्यात राहते. हाफ २ तास ३५ मिनिटांत संपवली आहे. पहिली फुल डिसेंबरात गोवा रिव्हर मॅरेथॉनला करू, जानेवारीत मुंबईला, की सपाट रस्ता म्हणून फेब्रुवारीत दिल्लीला?»

माझं मत मुंबई. डिसेंबरात गोवा रिव्हरला हाफ धावा, ती मुंबईची रंगीत तालीम समजा.

आधी तुमची वेळ काढू. हाफच्या वेळेला साधारण २.०८ ने गुणायचं, हा धावपटूंचा जुना ठोकताळा. तुमची १५५ मिनिटं म्हणजे ३२२, म्हणजे ५ तास २२. पहिल्या खेपेला शेवटचे दहा किलोमीटर कोणालाच गणिताप्रमाणे जमत नाहीत, म्हणून पावणेसहा तास धरा. आता शर्यत सुरू होताना हवा कशी असते हे विसरा आणि त्यानंतर पावणेसहा तासांनी कशी असते ते बघा. साडेतीन तासांत संपवणारा आणि तुम्ही एकाच दिवशी दोन वेगळ्या शर्यती धावता.

गोवा रिव्हर होते त्या चिखली-सांकवाळच्या बाजूला डिसेंबरात पहाटे वीस-एकवीस अंश असतं. आकडा गोड वाटतो, पण दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं दव होतं तो आकडा, त्याच्या एक-दोन अंशच खाली असतो. हवेत जागाच नसल्यामुळे घाम सुकत नाही, नुसता गळतो. मी तिथे एकदा पोटरीवरून ओघळलेल्या घामाने बुटांचा चपचप आवाज ऐकत धावलो आहे, पावसाचा थेंबही नव्हता. नऊनंतर वर ऊनही चढतं. मुंबईत जानेवारीच्या मध्यावर हवा बहुतेक वर्षी जरा कोरडी असते. पाचच्या सुमाराला सुटलात तर सूर्य सव्वासातला उगवतो, म्हणजे दोन तास अंधारातच निघतात. शेवटचा दीड तास मात्र उन्हातच जाईल, त्याची तयारी ठेवा. हवामानाच्या साइटवर तापमानाशेजारी दवबिंदू दिसतो. मागच्या दोन-तीन वर्षांचा त्याच तारखेचा, सकाळी नऊचा आकडा बघा. तो विशीच्या आसपास असेल तर ठरवलेल्या वेगापेक्षा किलोमीटरमागे पंधरा-वीस सेकंद हळू धावा.

आता चढ. आयोजक एकूण चढाई किती मीटर ते छापतात, पण चढ कुठे येतो ते आपणच शोधायचं. गोवा रिव्हरचा मार्ग झुआरीच्या काठचा असला तरी सपाट नाही, गावागावांतून चढउतार आहेत. मुंबई बऱ्यापैकी सपाट. फक्त पेडर रोड मी धावलो तेव्हा पस्तिसाव्या किलोमीटरच्या पुढे आला होता. तोच चढ पाचव्या किलोमीटरला आला असता तर लक्षातही राहिला नसता. मार्ग मधूनमधून बदलतो, यंदाचा नकाशा नीट बघा. तुमच्या दारात फर्मागुढीचा चढ आहे. रविवारची लांब धाव अशी आखा की तो शेवटच्या पाच किलोमीटरांत येईल. चढावर घड्याळ बघू नका, चालावंसं वाटलं तर बिनदिक्कत चाला.

गर्दीचं दुहेरी आहे. मुंबईत सगळ्या शर्यती मिळून पन्नास हजारांवर माणसं असतात. पहिले तीन किलोमीटर लोकांना ओलांडत नागमोडी गेलात तर अंतर उगाच वाढतं आणि दमही जातो. तेवढा वेळ गर्दीच्या वेगानेच जा. छोट्या शर्यतीत उलटं होतं. हाफवाले संपवून घरी जातात आणि फुलचे मोजके लोक रिकाम्या रस्त्यावर उरतात. माझ्या पहिल्या फुलला (कुठली ते राहू दे) तेहतिसाव्या किलोमीटरच्या टेबलावर पाणी संपलेलं होतं, पुढे-मागे दोनशे मीटर माणूस नव्हता. मुंबईत त्या टप्प्यावर अनोळखी काकू संत्र्याची फोड हातावर ठेवतात. पाच तासांवरच्या धावपटूला हे लाखमोलाचं.

दिल्ली सपाट आहे, हवाही कोरडी, वेळेसाठी उत्तमच. पण पहाटेचे बारा-तेरा अंश आपल्याला थंडीच, शिवाय विमान आणि हॉटेलचा खर्च. दुसऱ्या फुलसाठी ठेवा.

मुंबईचा प्रवास असा करा. शुक्रवारी संध्याकाळी मडगावहून कोकणकन्या, शनिवारी सकाळी सीएसएमटी. बिब, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांक, स्वतः जाऊन घ्यावा लागतो, शर्यतीच्या दिवशी मिळत नाही. अलीकडे तो वांद्रे-कुर्ला संकुलात देतात. शनिवारची वंदे भारत धरू नका, ती रात्री पोचते आणि तोवर वाटप बंद झालेलं असतं. बिब घेतला की तिथल्या प्रदर्शनात भटकू नका, दुपारी झोपा. मुक्काम सीएसएमटीजवळ मिळाला तर सोन्याहून पिवळं. डोंबिवलीच्या मावशीकडे उतरणार असाल तर शर्यतीच्या पहाटे खास लोकल सोडतात, तिची वेळ त्या आठवड्यात जाहीर होते. परतीला रविवारी रात्रीची कोकणकन्या. तिकिटात लोअर बर्थ मागा, वर चढताना पाय ऐकणार नाहीत.