कलम ४ आणि कलम ११ जुळत नसतील तर

दांडिया बाजारातल्या दुकानाचा जो गुजराती भाडेकरार तू मराठीत करते आहेस, त्यात कलम ४ म्हणतं की पहिले ११ महिने कोणालाच करार सोडता येणार नाही. कलम ११ मात्र एक महिन्याची नोटीस देऊन केव्हाही सोडायला परवानगी देतं. आधी कलम ११ ची सुरुवात नीट वाच. ‘कलम ४ मध्ये काहीही असले तरी’ असे शब्द असतील तर विरोध उरतच नाही, ११ वरचढ ठरतं. तसं काही नसेल तर दोन्ही कलमं जशीच्या तशी उतरव. ‘केव्हाही’च्या जागी ‘११ महिन्यांनंतर’ घालून मेळ बसवू नकोस. तो एका पक्षाच्या बाजूने दिलेला निकाल होईल.

मग वेगळ्या पत्रात दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून एवढंच लिही:

‘पाचव्या महिन्यात नोटीस दिल्यास कोणतं कलम लागू होईल, हे मुळातून स्पष्ट होत नाही. अनुवाद मुळाप्रमाणे ठेवला आहे. कृपया खुलासा करावा.’

‘चूक’ हा शब्द टाळ, ‘बहुधा असं म्हणायचं असावं’ हेही. न्यायालयं आधी दोन्हींचा मेळ घालून पाहतात आणि तो बसलाच नाही तर करारात सहसा आधीचं कलम धरतात. पण ते सांगणं वकिलाचं काम, तुझ्या पत्रात नको.