चतुर्थीलाच डोकं का ठणकतं?

"मॅडम, सकाळचा चहा चुकला की अकराच्या सुमारास डोकं ठणकायला लागतं ते रात्रीपर्यंत. घरचे पित्त म्हणतात. मला मेंदूचं काहीतरी असेल अशी भीती वाटते. आणि चहा कमी करायचा म्हटलं तर जमतच नाही."

बेळगावात माझ्याकडे येणाऱ्यांपैकी किती जणांनी हे सांगितलं असेल! बहुतेकांचं दुखणं उपवासाच्या किंवा प्रवासाच्या दिवशीचं. त्यातल्या एका वहिनींची गोष्ट सांगते. वडगावात घरीच माग, दिवसभर खडखडाट. आवाजाने डोकं दुखतं अशी त्यांची खात्री होती.

माणसाला सवय सोड म्हणून सांगण्यात माझा विश्वास नाही. ती कुठे बांधलेली आहे ते त्याचं त्यालाच दिसलं पाहिजे. म्हणून मी त्यांना दुखण्याचे दिवस कॅलेंडरवर खुणावून आणायला सांगितले. खुणा जवळजवळ सगळ्या संकष्टीला होत्या.

"एकादशीपण धरता ना तुम्ही?"

"धरते की. पण तेव्हा नाही दुखत."

"एकादशीला काय घेता?"

"केळं, दूध, चहा."

"आणि संकष्टीला?"

"केळं, दूध. चहा नाही, तसा नेमच आहे माझा." त्या थांबल्या. "म्हणजे उपवासाचं नाहीच हे?"

"चंद्रोदयानंतर जेवल्यावर थांबतं का?"

"जेवून नाही थांबत. नंतर चहा घेतला की अर्ध्या-एक तासात उतरतं."

उत्तर त्यांच्याच तोंडून आलं. भूक दोन्ही दिवशी सारखी, मागाचा आवाज तोच. फरक फक्त चहाचा. असा शोध पेशंटने स्वतः लावला की पुढचं निम्मं काम झालेलं असतं, हे मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे.

आत घडतं ते असं. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. ते झोप आणतं आणि डोक्यातल्या रक्तवाहिन्या सैल करतं. चहा-कॉफीतलं कॅफिन एसटीत रुमाल टाकावा तसं त्याची जागा अडवून बसतं. रोज असं झालं की मेंदू जागाच वाढवतो. मग एके दिवशी चहा आला नाही की सगळ्या जागा अ‍ॅडेनोसिनला मोकळ्या. रक्तवाहिन्या फुगतात, डोकं ठणकतं, जांभया येतात, चिडचिड होते. शेवटच्या चहानंतर साधारण 12 ते 24 तासांत हे सुरू होतं. वहिनींचा शेवटचा चहा आदल्या संध्याकाळी सातचा, म्हणजे सकाळी अकराचा हिशेब बरोबर बसतो. एकदम सोडणाऱ्यांना पहिले दोन दिवस सर्वात जड जातात, आणि त्रास आठ-नऊ दिवसही रेंगाळू शकतो. म्हणून 'उद्यापासून बंद' म्हणणारे तिसऱ्या दिवशी पुन्हा पातेलं चढवतात.

वहिनींचे दिवसाचे पाच कप होते. सकाळी उठल्यावर, न्याहारीला, दहाला मागावरच्या माणसांबरोबर, चारला, सातला. मी सकाळचा कप शेवटपर्यंत ठेवायला सांगितला, कारण जीव त्यातच अडकलेला असतो. सुरुवात सातच्या कपापासून केली; त्या वेळी धने-जिऱ्याचा कषाय, त्याच कपात, तितकाच गरम. आठवडाभर तेवढंच. पुढच्या आठवड्यात दहाचा कप अर्धा, मग त्याच्या पुढे तोही बंद. एका वेळी चौथ्या हिश्श्याहून जास्त कमी करायचं नाही. मध्येच डोकं जड झालं तर मागे फिरायचं नाही, आहे त्याच पायरीवर आणखी चार दिवस थांबायचं.

दहाचा कप अर्धा केला त्या आठवड्यात डोकं पुन्हा दुखू लागलं. चौकशी केली तर जाऊबाईंनी काटकसर म्हणून घरच्या चहात पावडरच निम्मी केली होती. दोन कपाती एकदम झाल्या होत्या! म्हणून कपांबरोबर पावडरचे चमचेही मोजा. दूध जास्त घातल्याने कॅफिन कमी होत नाही, पावडर जास्त उकळली तर ते जास्त उतरतं. आलं-वेलचीत कॅफिन नसतं. कोल्ड्रिंकमध्ये आणि ग्रीन टीमध्ये असतं. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही असतं, तेव्हा पाकिटावरची नावं वाचा. नाहीतर चहा कमी होतो आणि गोळीची सवय लागते.

आता वहिनी सकाळचा आणि चारचा असे दोनच कप घेतात. संकष्टीला दुपारी थोडं जड वाटतं, पण कामं अडत नाहीत. दोन कप घेणाऱ्यालाही थोडा त्रास होऊ शकतो, हे मी त्यांना आधीच सांगितलं होतं. तेवढाही नको असेल तर संकष्टीला सकाळी अर्धा कप घ्यावा असं मी सुचवलं. त्यांना नेम मोडायचा नव्हता, आणि तो निर्णय त्यांचाच.

मात्र चहा घेऊनही न उतरणारं दुखणं, एकाएकी भयंकर उठलेली कळ, सोबत ताप, मान आखडणं, उलट्या, हातापायात अशक्तपणा किंवा अंधुक दिसणं, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी, यांपैकी काही असेल तर चहाचा हिशेब बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा.