आकाशातल्या विजेचे युनिट किती? वाचकांची प्रश्नोत्तरे

आपल्या भाषेत ढगातलीही वीज आणि तारेतलीही वीजच. त्यामुळे पावसाळा आला की मला तीच ती पत्रं येतात. यंदाची काही घेतो.

प्रश्न : एका युनिटमध्ये किती ज्यूल?

३६ लाख.

प्रश्न : एका विजेत १०० कोटी ज्यूल असतात. ३,६०० ने भागल्यावर २,७७,७७८ युनिट आले. आम्हाला महिन्याला १५० युनिट लागतात, म्हणजे एका विजेवर घर दीडशे वर्षं चालेल?

अर्धाच भागाकार झाला. ३,६०० ने भागलं की वॉट-तास मिळतात. युनिट म्हणजे किलोवॉट-तास, म्हणून आणखी १,००० ने भागा. उत्तर सुमारे २७८. तुमच्या घराचे ५५ दिवस.

चूक ओळखायची असेल तर उलटा हिशेब करा. हजार वॉटची इस्त्री तासभर चालली की एक युनिट. सेकंदाला १,००० ज्यूल, तासाचे ३,६०० सेकंद, म्हणजे ३६ लाख. तुमच्या उत्तराने एका युनिटला ३,६०० ज्यूलच येतात, आणि तेवढ्यात इस्त्री चार सेकंदही चालत नाही.

पण २७७.७८ असं दशांशापर्यंत लिहू नका. ते १०० कोटीच मुळात अंदाजाचे आहेत. साधारण २० कूलंब विद्युतभार, सुमारे १० कोटी व्होल्टचा फरक, आणि भार उतरत जाताना फरकही घटतो म्हणून गुणाकाराचं निम्मं. एखादी वीज याच्या कितीतरी पट मोठी असते, एखादी बरीच लहान. ‘दोन-तीनशे युनिट’ म्हटलंत तरी पुरे.

प्रश्न : वीज लाखो मेगावॉटची असते म्हणे. मग युनिट इतके कमी कसे?

मेगावॉट हा वेग आहे, तोही सेकंदाच्या लाखाव्या भागांपुरता. बिल वेगावर येत नाही.

प्रश्न : गच्चीवर खांब आणि बॅटरी बसवून पडलेली वीज साठवून देतो, असं एक विक्रेता सांगतो. २७८ पैकी निम्मे युनिट तरी मिळतील का?

निम्मे सोडा, एकही नाही. हा विक्रेता तुम्हाला वरचाच आकडा दाखवतो आणि ते युनिट कुठे खर्च होतात ते गिळून टाकतो. वीज ढगापासून जमिनीपर्यंत काही किलोमीटर हवा फोडत येते. वाटेतली हवा जवळजवळ ३०,००० अंशांपर्यंत तापते. तो लखलखाट, तो गडगडाट, सगळा त्याच खात्यात जातो. तुमच्या खांबाशी उरतो तो शेवटचा चिमूटभर हिस्सा.

किती, ते मोजता येतं. मधल्या ताकदीच्या पहिल्या झटक्यात वाटेतल्या प्रत्येक ओहमला सुमारे ५५,००० ज्यूल मिळतात. तुमच्या अर्थिंगचा रेझिस्टन्स १० ओहम धरा. साडेपाच लाख ज्यूल झाले. ३६ लाखांनी भागा : ०.१५ युनिट. दहा वॉटचा एक दिवा पंधरा तास. आणि हेही बॅटरीत जात नाही, माती तापवण्यात संपतं.

आता दुसरा हिशेब करा, जो विक्रेता करणार नाही. तोच झटका ३०,००० अँपिअरचा असतो. १० ओहममधून गेला की अर्थिंगच्या टोकाशी क्षणभर तीन लाख व्होल्ट उभे राहतात. युनिट पावाहून कमी, तरी पायाखालच्या जमिनीत माणूस मारण्याइतका फरक. युनिट मोजून धोका कळत नाही, हे मी वर्षानुवर्षं सांगतोय.

एका इमारतीत मला बोलावलं होतं. खांब चकचकीत, गच्चीवरची पट्टी नवी कोरी. खाली खणलं तर जमिनीत हातभर खोलीवर पट्टी गंजून तुटलेली. टेस्टरने १०० च्या वर ओहम दाखवले. ‘पावसाळा झाला की करू’, असं उत्तर मिळालं. पावसाळा झाल्यावर कशाला करायचंय? खांब आहे आणि खाली वाट नाही, तर वीज भिंतीतल्या वायरिंगमधून वाट काढते. तेव्हा विक्रेत्याला परत पाठवा आणि वीज-संरक्षणाचं काम करणाऱ्या परवानाधारक अभियंत्याकडून अर्थिंग मोजून घ्या. टेस्टरचा आकडा लेखी मागा.

प्रश्न : घरावर वीज पडली तर मीटरचे युनिट वाढतील का?

त्याची काळजी नको. मीटर जळू मात्र शकतो. हात न लावता वीजपुरवठादाराला कळवा, आणि इलेक्ट्रिशियनने वायरिंग तपासेपर्यंत मेन स्विच चालू करू नका.

प्रश्न : लांब वीज पडली, घरात कुणाला हलका झटका बसला. ०.१५ युनिटच ना, डॉक्टर कशाला?

आजच दाखवा. हृदयाचे ठोके बिघडायला युनिट लागत नाहीत.