फॉरवर्डमधला ‘प्रीमियम’ कोण कोणाला देतो?

‘रावेरहून दुबईला केळी पाठवतो. सहा महिन्यांनी येणाऱ्या डॉलरचा भाव आज बांधून मागितला, तर बँकेने आजच्या दरावर “प्रीमियम” सांगितला. तो आम्ही भरायचा का? आणि डॉलर वाढणार असं बँकेला वाटतं, असा त्याचा अर्थ धरायचा का?’

प्रीमियम तुम्हाला मिळतो, कारण तुम्ही डॉलर विकणारे. आयात करणारा डॉलर घेतो, त्याला तो मोजावा लागतो. गोंधळ होतो तो विम्यामुळे आणि ऑप्शनमुळे. तिथे प्रीमियम म्हणजे खिशातून जाणारी रक्कम. फॉरवर्डमध्ये, म्हणजे पुढच्या तारखेचा दर आजच बांधून घेण्याच्या करारात, तो फक्त आजच्या दराच्या वर असलेला फरक. दर खाली असेल तर त्याला डिस्काउंट म्हणतात.

हा फरक अंदाजातून येत नाही, दोन चलनांच्या व्याजातून येतो. सोयीसाठी आकडे धरू: आज डॉलर ८० रुपये, सहा महिन्यांचं व्याज रुपयावर साडेतीन टक्के, डॉलरवर दोन टक्के. ८० लाख रुपये ठेवले तर ८२,८०,००० होतात. त्याच पैशांचे एक लाख डॉलर घेऊन ठेवले तर १,०२,००० डॉलर होतात. दोन्ही वाटांनी सारखंच मिळायचं, तर डॉलरचा सहा महिन्यांचा फॉरवर्ड दर ८२,८०,००० भागिले १,०२,०००, म्हणजे ८१.१८ रुपये हवा. प्रीमियम ११८ पैसे. डीलर तो पैशांतच सांगतात.

आता कोणी ८२ चा भाव दिला असं समजा. जाणकार बँक ८० लाख रुपये उसने घेईल, एक लाख डॉलर घेऊन ठेवीत टाकेल आणि मिळणारे १,०२,००० डॉलर आजच ८२ ने विकून ठेवेल. सहा महिन्यांनी हाती ८३,६४,०००, फेडायचे ८२,८०,०००, उरले ८४,०००. दराची जोखीम कुठेच नाही. भाव ८०.५० असता तर हीच साखळी उलटी फिरली असती: डॉलर उसने, रुपयाची ठेव, आणि १,०२,००० डॉलरची आगाऊ खरेदी ८२,११,००० ला. नफा ६९,०००. सगळेच हे करू लागले की भाव ८१.१८ कडे ओढला जातो.

पण प्रत्यक्षात उसनं घेण्याचा दर ठेवीच्या दरापेक्षा जास्त असतो. रुपया पावणेचार टक्क्यांनी उसना मिळाला आणि डॉलरवर पावणेदोनच मिळाले, तर ८१.५७ च्या वर भाव गेल्याशिवाय ही खेळी परवडत नाही. शिवाय भारतात डॉलर हवे तेव्हा उसने घ्यायला परकीय चलनाचे नियम आडवे येतात. म्हणून दर थोडा हललेला दिसला तरी तो फुकटचा नफा असतोच असं नाही, आणि निर्यातदाराच्या आवाक्यातला तर बहुधा नसतोच.

बँकेचा भाव तुमच्या हिशेबापेक्षा कमी आला, तर त्यातून तिचं मार्जिन वजा झालेलं असू शकतं. स्पॉट म्हणजे आजचा दर, प्रीमियम आणि मार्जिन हे तीन आकडे वेगवेगळे लिहून मागा.