मेथोट्रेक्सेट: ओडी की ओडब्ल्यू?
चिठ्ठीवर मेथोट्रेक्सेट ७.५ मिग्रॅ आहे, पण पुढे ओडी, म्हणजे रोज एकदा, लिहिलंय की ओडब्ल्यू, म्हणजे आठवड्यातून एकदा, तेच लागत नाही? मग गोळ्या देऊच नकोस. संधिवातात हे औषध आठवड्यातून एकदाच घेतात. रोज पोटात गेलं तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात, जिवावर बेततं.

डॉक्टरांना नुसतं ‘डोस कन्फर्म करा’ पाठवलंस तर ‘ओके’ येईल, आणि तू होतास तिथेच. चिठ्ठीचा स्पष्ट फोटो जोडून असं लिही:

‘नमस्कार डॉक्टर. आजच्या चिठ्ठीत मेथोट्रेक्सेट ७.५ मिग्रॅ दिसतं, किती वेळा घ्यायचं ते वाचता येत नाही. रोज की आठवड्यातून एकदा, कोणत्या वारी आणि कोणत्या आजारासाठी, हे कृपया पूर्ण शब्दांत कळवा. तोवर औषध दिलेलं नाही.’

आपला अंदाज मात्र लिहू नकोस; घाईत त्यालाच ‘हो’ येतं. उत्तर आलं नाही तर फोन कर, ऐकलेलं परत वाचून दाखव आणि वेळेसह नोंदव.