पाय मुरगळल्यावर परत मैदानात कधी उतरायचं

अरे,

मेसेज वाचला तुझा. हेडर मारून खाली येताना पाय दुसऱ्याच्या बुटावर पडला, तळवा आत वळला, घोट्याच्या बाहेरच्या बाजूला मोठी सूज आली आणि आज दहाव्या दिवशी चालताना दुखत नाही, म्हणून शनिवारी टेप मारून खेळू का, असं विचारतोयस. नको खेळूस. का ते नीट सांगतो, नाहीतर तू ऐकणार नाहीस हे मला माहितीये.

आधी फ्रॅक्चरचं बघू. कॅनडातल्या ओटावामधल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये यासाठी साधे नियम मांडले, आजही तेच वापरतात. घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी हाडं वर आलेली दिसतात त्यांची मागची कड आणि खालचं टोक, साधारण शेवटचे ६ सेंटीमीटर, बोटाने दाबायचं, मग पावलाच्या बाहेरच्या कडेला मधोमध जो हाडाचा उंचवटा लागतो तो आणि आतल्या बाजूला कमानीच्या वरचं हाड. यातल्या कुठल्याही हाडावर दाबून दुखलं, किंवा लागल्या लागल्या आणि नंतर तपासतानाही चार पावलं टाकता आली नाहीत तर एक्स-रे काढायचा. तू लंगडत का होईना चालत बाहेर आलास आणि दुखत होतं ते हाडावर नाही, त्याच्या पुढच्या मऊ भागात, म्हणून मला फारशी काळजी वाटली नाही. अजून एक बघ, पोटरीच्या मध्यावर दोन्ही हाडं एकमेकांकडे दाबली की घोट्याच्या वरच्या भागात कळ येते का? येत असेल तर हे वेगळं दुखणं आहे, दोन हाडांना बांधणारे वरचे लिगामेंट दुखावलेले असतात आणि ते भरायला बराच जास्त वेळ लागतो, मग मला विचारत बसू नकोस, सरळ डॉक्टर गाठ.

तुझं जे झालंय ते नेहमीचं आहे. घोट्याच्या बाहेरून तीन लिगामेंट असतात, पाऊल आत वळलं की सगळ्यात आधी पुढचा ताणला जातो किंवा फाटतो. आता गंमत अशी की दुखणं आणि सूज आठ-दहा दिवसांत उतरते पण लिगामेंट भरायला निदान सहा आठवडे जातात आणि पूर्ण मजबूत व्हायला त्याहून कितीतरी जास्त. आणि नुसता दोर ढिला झालाय एवढंच नाही, पाऊल वाकडं होतंय ही खबर मेंदूला देणाऱ्या नसाही तिथेच असतात. ती खबर उशिरा पोचली की घोटा सावरणारे नडगीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू उशिरा आवळतात आणि तोवर पाय परत मुरगळलेला असतो. म्हणून एकदा मुरगळलेला पाय पुन्हा मुरगळायची शक्यता जास्त असते, आणि ही उशिराची सवय नुसत्या आरामाने जात नाही.

पहिल्या दिवसांत तू बर्फ लावलास, पट्टी बांधलीस, पाय उंच ठेवलास, ते बरोबर केलंस. चोळून घेतलं नाहीस हेही बरंच झालं, ताज्या सुजेवर जोरात मालीश किंवा शेक नकोच. पण मधले पाच दिवस पलंगावर काढलेस ते लागत नव्हतं, दुखणं सोसवेल इतपत घोटा वर-खाली हलवणं आणि ब्रेस घालून टाच आधी टेकवत नीट चालणं लवकर सुरू केलं की पाय लवकर सुधारतो.

आता कामाचं. भिंतीसमोर अनवाणी उभा राहा, अंगठा भिंतीकडे, टाच जमिनीला चिकटलेली, गुडघा वाकवून भिंतीला लाव आणि पाऊल हळूहळू मागे ने. टाच उचलू न देता गुडघा जेवढ्या लांबून भिंतीला लागतो ते अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर मोज. दोन्ही पायांचं मोज. समजा चांगला पाय ११ सेंटीमीटर आणि दुखावलेला ७ आला, तर घोटा अजून आखडलेला आहे आणि अशा पायाने स्प्रिंट, वळणं, उडी सगळं वेडंवाकडं होणार. हीच टेस्ट व्यायाम म्हणून रोज कर, फरक एक-दीड सेंटीमीटरवर येईपर्यंत.

बॅलन्सचं मात्र टाळाटाळ करू नकोस, सगळा खेळ इथेच आहे. एका पायावर ३० सेकंद, अनवाणी, गुडघा किंचित वाकलेला. दुसरा पाय टेकला, हात भिंतीला गेला किंवा गुडघा आत पडला की ती फेरी बाद. हे सहज जमलं की डोळे मिटून कर (भिंतीजवळ, पडशील), मग जाड उशीवर, मग त्याच पायावर उभा राहून मित्राकडून येणारा बॉल दुसऱ्या पायाने परत दे. याच्या पुढे एका पायावर छोटी उडी पुढे, मग बाजूला, आणि उतरल्यावर ३ सेकंद पुतळ्यासारखं थांबायचं, कारण तुझा पाय उडीवरून उतरतानाच गेला होता. सोबत एका पायावर टाच उचलणं आणि रबर बँड लावून पाऊल बाहेर ढकलणं, १५-१५ चे तीन सेट. आठवड्यातून तीनदा, आठ आठवडे, आणि दुखणं गेलं म्हणून तिसऱ्या आठवड्यात सोडायचं नाही, सगळे तिथेच सोडतात.

टेपबद्दल. टेप आधार देतो पण खेळताना अर्ध्या तासाच्या आत बराच ढिला होतो, म्हणजे पहिला हाफ संपेपर्यंत तुझी भिस्त ज्याच्यावर आहे ते निम्मं गेलेलं असतं. बांधायचाच असेल तर पाऊल काटकोनात, पट्ट्या आतल्या घोट्यापासून टाचेखालून बाहेरच्या बाजूला वर ओढत, म्हणजे पाऊल आत वळायला विरोध होतो, उलट दिशेने ओढलंस तर तू स्वतःच त्याला आत खेचतोयस. बोटं पांढरी पडली किंवा मुंग्या आल्या की लगेच सोड. माझं म्हणशील तर लेसवाला किंवा बाजूला कडक पट्टी असलेला ब्रेस घे, स्वतःला बांधता येतो आणि हाफटाईमला परत आवळता येतो. दक्षिण आफ्रिकेतल्या फुटबॉलपटूंवर १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ब्रेसचा फायदा आधी पाय मुरगळलेल्यांनाच दिसला, ज्यांचा कधी मुरगळला नव्हता त्यांना नाही, आणि तू आता पहिल्या गटात गेलायस. पुढचे सहा महिने तरी प्रॅक्टिस आणि मॅच दोन्हीला घाल. ब्रेसने घोटा लेचापेचा होतो वगैरे ऐकशील, व्यायाम चालू असेल तर तसं काही होत नाही.

बुटांचं थोडक्यात. वर मोज्यासारखी मऊ कॉलर असलेले बूट घोटा धरत नाहीत, त्यासाठी जास्त पैसे देऊ नकोस. स्टड बघ. कडक सुक्या मैदानावर किंवा आर्टिफिशियल टर्फवर लांब स्टड रुतत नाहीत, पाऊल उंचावर डुगडुगतं नाहीतर भलतीकडेच अडकतं, तिथे छोटे आणि जास्त स्टडवाले घे. टाच आत सरकत असेल तर साईज मोठी आहे, आणि एका बाजूने झिजलेला बूट सरळ फेकून दे.

परतायचं असं: आधी सरळ जॉगिंग, मग स्प्रिंट, मग ४५ अंशांची वळणं, मग ९० ची, मग टीमबरोबर धक्काबुक्कीसकट पूर्ण प्रॅक्टिस. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज आली तर एक पायरी मागे. सगळं जमून, एका पायावरची उडी दोन्हीकडे सारखी लांब जायला लागली की मॅच, ती कुठल्या शनिवारी येईल ते पायच सांगेल. सहा-आठ आठवडे नीट करूनही चालता चालता घोटा सुटल्यासारखा वाटत असेल तर फिजिओला दाखव.

आज रात्री भिंतीचं माप घे आणि दोन्ही पायांचे आकडे पाठव, त्यावरून पुढच्या आठवड्याचं ठरवू.